एकट्याचं घर, निम्म्याहून जास्त खर्च!

एक माणूस राहतो त्या घराचा खर्च दोन माणसांच्या घराच्या निम्मा असायला हवा, असं वाटतं ना? अर्थशास्त्रज्ञ तसं मानत नाहीत. जगभर घरखर्चाची तुलना करताना एक मोजपट्टी वापरतात. घरातल्या पहिल्या प्रौढाला १ गुण, दुसऱ्या प्रौढाला ०.५ आणि प्रत्येक मुलाला ०.३. म्हणजे दोघांच्या घराला दीड गुण आणि एकट्याच्या घराला एक. एकट्याला दोघांच्या निम्मे पैसे पुरत नाहीत. त्याच राहणीमानासाठी त्याला दोन तृतीयांश लागतात!

आपल्याकडे १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी वेगळं गणित मांडलं होतं. नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, मिळून ३ एकक. त्यात दुसऱ्या माणसाला ०.८ आणि जागतिक पट्टीत ०.५ का? श्रम परिषदेचं गणित मुख्यतः ताटातलं होतं, आणि ताटातलं अन्न वाटून कमी होत नाही. छप्पर, दिवा, फ्रिज मात्र वाटले की माणशी खर्च उतरतो. एकट्याच्या बजेटची सगळी मेख इथेच आहे. तो महाग पडत नाही, त्याचं घर महाग पडतं.

आता हे तामलवाडीत आणून बघू

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचं हे गाव. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर, पण रोजची ये-जा सोलापूरकडे. महामार्गावर टोलनाका आहे, गावात पोलीस ठाणं आहे. अशा गावात बदलीवर किंवा नोकरीसाठी आलेला माणूस रूम-किचन भाड्याने घेतो आणि सगळी बिलं एकाच पगारातून भरतो.

समजा एका मुलीचा खासगी नोकरीतला पगार २०,००० रुपये आहे. मूळ पगार १२,००० धरला तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० कापले जातात. ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १५० जातात. हातात राहतात १८,४१०. याच पगाराच्या पुरुषाच्या हातात मात्र १८,२१० च पडतात! महाराष्ट्रात व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. पण १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. एखादीच्या पगारपत्रकात तो अजूनही कापलेला दिसत असेल तर तिने उद्याच ऑफिसात विचारावं.

आता तिचा घराचा खर्च. हे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. भाडं ३,५००. वीज ६५०. गॅस ३००. मोबाइल ३२५. भाडेकरार महिन्याला ५५. बेरीज ४,८३०.

याच घरात मैत्रीण राहायला आली तर? भाडं तेवढंच, करार तेवढाच. वीज ८००, गॅस ४५०, मोबाइल दोघींचे मिळून ६५०. एकूण ५,४५५, म्हणजे प्रत्येकीला साधारण २,७२८. एकटी राहिल्याबद्दल ती दर महिन्याला २,१०० रुपये जास्त देते, वर्षाला २५ हजारांच्या वर! स्वतःचं घर, स्वतःची वेळ आणि स्वतःची शांतता यांची ही किंमत आहे. द्यायला माझी मुळीच हरकत नाही. पण ती किती आहे हे माहीत असावं, कारण ती भाजीत काटकसर करून भरून निघत नाही. ती भाडं, वीज, गॅस, रिचार्ज यांतच कमी करावी लागते.

पहिले शंभर युनिट तुमचे!

एकट्याला खरोखर फायदा देणारी जागा म्हणजे वीजबिल. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त असतात. १०१ ते ३०० चा दर जवळपास दुप्पट असतो. चौघांचं घर पहिला टप्पा सहज ओलांडतं, एकट्याचं घर त्यात मावतं.

मोजून बघा. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. छोटा फ्रिज साधारण १५. त्याच्या स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, त्यांना १२ ने भागलं की तुमचा आकडा मिळतो. ९ वॅटचे तीन दिवे रोज ५ तास, म्हणजे ४ युनिट. वायफायचा राउटर फक्त १० वॅटचा, पण चोवीस तास चालू असतो म्हणून ७ युनिट! पाणी तापवायचा १,५०० वॅटचा रॉड रोज २० मिनिटं, १५ युनिट. इस्त्री-मिक्सरचे ३. एकूण ७१. मे महिन्यात रॉड बंद आणि १८० वॅटचा कूलर रोज १० तास, म्हणजे १५ गेले आणि ५४ आले. बेरीज ११०.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. १०१ वा युनिट पडला की सगळं बिल महाग होतं, असं लोक मानतात आणि महिन्याच्या शेवटी पंखा बंद करून घामात बसतात. तसं होत नाही. महाग दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना लागतो. मे महिन्यात ११० झाले तर १०० स्वस्तच राहतात, १० महाग होतात. कूलर लावा, निवांत झोपा.

पण हा सगळा फायदा एका गोष्टीने पार नाहीसा होतो. ती म्हणजे घरमालकाचं आणि तुमचं एकच मीटर. गावात हे सर्रास असतं. खाली मालक, वर भाडेकरू, मीटर एक आणि भाडेकरूसाठी आत सबमीटर. समजा मालकाचे ११० आणि तुमचे ७१. मीटर एकच असल्याने महावितरणला दिसतात १८१. त्यातले १०० स्वस्त, ८१ महाग. मीटर वेगळे असते तर तुमचे सगळे ७१ स्वस्तात आणि मालकाचे फक्त १० महागात गेले असते. म्हणजे एकाच मीटरमुळे ७१ युनिट स्वस्त दरातून महाग दरात गेले. दोन दरांत पाच रुपयांचा फरक धरला तरी महिन्याला ३५५ रुपये आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. नव्या मीटरचा स्थिर आकार सव्वाशे-दीडशेच्या आसपास वाढतो, तो वजा करूनही दोनशे-अडीचशे वाचतात.

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे वीजजोडणीचा अर्ज मालक करू शकतो, तसाच जागेत राहणाराही करू शकतो. व्यवहारात मालकाची संमती आणि करार लागतो, आणि एकाच आवारात दुसरं मीटर मागताना जागा खरोखर वेगळी आहे हे दाखवावं लागतं. म्हणून ही गोष्ट खोली घेतानाच बोलावी. ते जमत नसेल तर महिन्याच्या महिन्याला मूळ बिल बघायला मागा आणि सबमीटरवरचं मागचं व चालू रीडिंग स्वतः लिहून ठेवा. बिलातला शेवटचा दर तुमच्या सगळ्या युनिटांना लावला जात असेल तर महाग युनिट तुमच्या वाट्याला येताहेत आणि स्वस्त युनिटांचा सगळा फायदा मालकाला मिळतोय. एकूण रक्कम युनिटांच्या प्रमाणात वाटली तर ते न्याय्य होतं.

आणखी एक अडचण खास एकट्याची. मीटर घरात असेल आणि दिवसभर कुलूप असेल तर रीडिंग घेणारा परत जातो आणि सरासरी बिल येतं. बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकडा नसेल तर तेच झालंय असं समजा. महावितरणच्या ॲपवरून मीटरचा फोटो काढून रीडिंग पाठवता येतं. पुढे दोन महिन्यांचं एकत्र बिल आलं तर स्लॅबही दोन महिन्यांचा लागायला हवा, तेवढं तपासा.

सिलिंडर संपतो कधी?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एकट्याचा दोन वेळचा स्वयंपाक रोज दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम गॅसवर होतो, म्हणजे सिलिंडर अडीच ते तीन महिने जातो. चौघांच्या घरात त्याचा निम्मा काळही जात नाही. ही चांगली बातमी. वाईट बातमी अशी की दुसरा भरलेला सिलिंडर ठेवायचा तर त्याचं डिपॉझिट जून २०२२ पासून २,२०० रुपये आहे. एकट्याने एवढे पैसे तीन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या वस्तूत अडकवू नयेत. एकच सिलिंडर ठेवावा आणि मधल्या दोन-चार दिवसांसाठी इंडक्शनची शेगडी. १,२०० वॅटवर अर्धा तास, म्हणजे ०.६ युनिट.

किती उरलाय ते कळायला ओल्या फडक्याने सिलिंडर पुसा. द्रवरूप गॅस आहे तो खालचा भाग उशिरा वाळतो, वरचा आधी. कडेला स्वच्छ रेघ दिसते. अगदी नेमकं हवं असेल तर वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

पत्त्याचा पुरावा नसलेल्यांसाठी ५ किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला ‘छोटू’ नाव दिलं. उचलायला हलका, बदलीच्या माणसाला सोयीचा. पण किलोमागे महाग पडतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर रीतसर कनेक्शनच घ्या.

कडक भाकरी, एकट्याची अन्नपूर्णा

एकट्याच्या स्वयंपाकात पैसा जातो तो नासाडीत. पाव किलो भाजी एका जेवणाला जास्त, दोन जेवणांना कंटाळवाणी. मुंबईच्या गिरणगावात एकटे राहणारे कामगार हे ओळखून होते. ते खानावळीत महिन्याचे पैसे भरून जेवायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. म्हणजे एकट्या माणसाच्या जेवणाच्या प्रश्नातून एक मोठी महिला चळवळ उभी राहिली!

सोलापूर भागाने याहून सोपं उत्तर दिलं आहे. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची आणि पूर्ण वाळेपर्यंत कडक करायची. ओलावा गेला की बुरशी धरत नाही. कोरड्या डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते, फ्रिज लागत नाही, गॅस लागत नाही. वर शेंगाचटणी, तीही टिकाऊ. सोबत दही किंवा वरण, एवढंच ताजं करायचं. कामावरून रात्री नऊला आलेला माणूस हॉटेलकडे वळतो कारण घरात तयार काही नसतं. घरात कडक भाकरीची चवड असेल तर आठवड्यातले दोन हॉटेलचे फेरे सहज वाचतात. माझ्या मते इथल्या एकट्या माणसासाठी याहून चांगली खरेदी नाही. फक्त डबा घट्ट हवा. पावसाळ्यात भाकरी मऊ पडली की चव जाते आणि मग टिकतही नाही. मऊ लागली तर तव्यावर पुन्हा शेकून घ्या.

वर्षात तेरा महिने

मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो! ३०० रुपयांचा प्लॅन असेल तर महिन्याला ३०० लिहू नका, ३२५ लिहा. वर मी तेच धरलं आहे. या तक्रारीवरूनच २०२२ मध्ये ट्रायने कंपन्यांना किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायला सांगितलं. पगाराच्या तारखेशी जुळतो तो घ्या.

एसटी, पास आणि टोल

सोलापूरला रोज जाणाऱ्यासाठी एसटीचा मासिक पास आहे. २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. शनिवार-रविवार सुट्टी असेल आणि मध्ये एखादा सण आला तर प्रवासाचे दिवस वीसच्या आसपास येतात, मग पासचा फायदा नगण्य. सहा दिवस काम असेल तर २६ दिवसांचा प्रवास २० दिवसांच्या पैशात होतो. महिलांचं गणित मात्र वेगळं! १७ मार्च २०२३ पासून त्यांना एसटीत निम्मं तिकीट. साधं तिकीट काढूनही २६ दिवस १३ दिवसांच्या भाड्यात होतात.

दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. चारचाकी असेल आणि तुम्ही नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर खासगी गाडीला त्या नाक्याचा स्थानिक मासिक पास मिळतो, साधारण साडेतीनशे रुपयांत. पत्त्याचा पुरावा लागतो, आणि इथे नोंदणी केलेला भाडेकरार कामाला येतो.

अकरा महिनेच का?

१९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. गंमत म्हणजे महाराष्ट्रात तिचा त्या कामापुरता उपयोगच उरलेला नाही! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

आणि खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. ३,५०० गुणिले ११ म्हणजे ३८,५००. १५,००० डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज १,३७५. एकूण ३९,८७५ आणि त्याचे ०.२५ टक्के शंभर रुपये. ग्रामीण भागात नोंदणी शुल्क ५००. या दोन शुल्कांच्या सहाशे रुपयांत एकट्या माणसाचं १५,००० रुपयांचं डिपॉझिट कागदावर येतं. एजंट जास्त मागत असेल तर त्याला पावतीवर शुल्क आणि त्याची मजुरी वेगवेगळी लिहायला सांगा.

तारीख मात्र विसरू नका. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट भाडं मागू शकतो. नवा करार जुना संपायच्या आत करा.

पगार थांबला तर?

दोघं कमावते असतील तर एकाची नोकरी गेल्यावर निम्मं उत्पन्न राहतं. एकट्याकडे काहीच राहत नाही, आणि भाडं पाच तारखेला द्यायचंच असतं. सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. १८ हजारवाल्यासाठी ती रक्कम एक लाखाच्या वर जाते आणि तो पहिल्या पाचशे रुपयांचीही सुरुवात करत नाही. म्हणून पगार मोजू नका, घर चालू ठेवायचा खर्च मोजा. आपल्या उदाहरणात घराचे ४,८३० आणि जेवणाचे ४,५०० धरले तर ९,३३०. तीन महिन्यांचे २७,९९०. महिन्याला २,५०० टाकले तर साधारण वर्षभरात जमतात. घरी आई-वडिलांना पैसे पाठवत असाल तर अडचणीच्या महिन्यात किती पाठवणार हे त्यांच्याशी आधीच बोला आणि तो आकडा यात मिळवा. घरमालकाकडचं डिपॉझिट यात धरायचं नाही, कारण ते घर सोडल्यावरच मिळतं.

ईएसआयच्या त्या दीडशे रुपयांकडे पुन्हा बघा. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. आजारपणात डॉक्टरने विश्रांती लिहून दिली तर पगाराच्या ७० टक्के रक्कम, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस मिळते. अट अशी की संबंधित सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कपात दिसते पण आपला विमा क्रमांकच ठाऊक नाही, असे कितीतरी जण आहेत. डेंग्यू किंवा मोडलेला पाय घेऊन एकट्याने खोलीत पडल्यावर तो शोधणं कठीण असतं. क्रमांक आजच मागून घ्या, फोनमध्ये ठेवा आणि त्याची एक प्रत गावाकडच्या माणसाला पाठवा.